सा रे ग प ध सां आठवतंय, राग कोणता? भूप, देशकार की शुद्ध कल्याण

मैफलीतून घरी आल्यावर हाती साधारण तीनच गोष्टी उरतात: गाण्याचा भाव, आरोहाचे चार-पाच स्वर आणि डोक्यात घोळणारी एखादी जागा. आरोह 'सा रे ग प ध सां' असा आठवत असेल, तर 'भूप' असं उत्तर पटकन तोंडावर येतं. पण देशकार आणि शुद्ध कल्याण यांचा आरोहही हाच आहे. त्यामुळे राग आरोहावर ठरत नाही, आठवलेल्या जागेवर ठरतो.

आधी षड्ज नक्की करा

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. आठवलेल्या सुरावटीचा पहिला स्वर म्हणजे सा, असं आपण धरून चालतो. पेटीवर हे पडताळता येतं. फक्त काळ्या पट्ट्या वापरा. काळी तीनला सा मानून काळ्या पट्ट्यांवर चढत गेलात, तर भूपाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्या, पण सा काळी पाच मानली की मालकंस, काळी एक मानली की दुर्गा आणि काळी दोन मानली की धानी. म्हणजे षड्ज चुकला की स्वर बरोबर आठवूनही राग भलताच निघतो.

म्हणून सुरावट गुणगुणण्याआधी आलाप किंवा तान संपवून गायक ज्या स्वरावर विसावत होता, तो आठवा. तंबोऱ्याची पहिली तारही मदत करते. तिच्यात पंचम ऐकू येत असेल तर मालकंस बाद, कारण त्यात पंचमच नाही आणि ती तार बहुधा मध्यमात लावतात. षड्ज सापडला की आधी लांब सा आणि मग ती जागा, अशी फोनवर गुणगुणून ठेवा. सकाळी षड्ज विसरलेला असतो, जागा मात्र आठवते.

मग जागा कुठे थांबते ते पाहा

आता आठवलेली जागा सावकाश म्हणा. खाली 'ध़' म्हणजे मंद्र धैवत आणि 'सां' म्हणजे तार षड्ज.

'सा ध़ सा रे ग, प ग, ध प ग रे सा' अशी जागा असेल आणि आवाज पुन्हा पुन्हा गंधारावर येऊन टेकत असेल, तर भूप. गंधार त्याचा वादी आहे.

'सां ध, प, ग प ध प' असं काही आठवत असेल, धैवतावर ठाण मांडलेलं असेल आणि रिषभ जेमतेम लागत असेल, तर देशकार. गाणं वरच्या अंगात जास्त फिरतं.

शुद्ध कल्याण ओळखताना उतरत्या स्वरांकडे कान हवा. पंचमावरून गंधारावर येताना मींडेत तीव्र मध्यमाचा आणि तार षड्जावरून धैवतावर येताना निषादाचा स्पर्श होतो. हे स्वर वेगळे, उभे लागत नाहीत, म्हणून आठवणीतून गळतात. 'ग रे, प रे सा' अशी जागा सापडली, तर शुद्ध कल्याणच धरा. पंचमावरून थेट रिषभावर येणं ही त्याची खूण आहे.

पडताळायला 'प ग' दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहा, एकदा सरळ आणि एकदा ओढून. ऐकलेल्या जागेशी कोणती तऱ्हा जुळते ते कान लगेच सांगतो.

भाव सगळ्यात शेवटी

'शांत वाटलं', 'प्रसन्न वाटलं' एवढ्यावर विसंबू नका. भूपातला द्रुत तराणा खेळकर वाटतो आणि विलंबित ख्याल गंभीर. त्यापेक्षा भाव सप्तकात मोजा. आवाज मंद्रात रेंगाळत, लांब मींड घेत होता का? मग शुद्ध कल्याणाकडे झुकतं माप द्या. मध्य सप्तकात निवांत होता, तर भूप. वरच्या अंगात, उजळ आणि चपळ होता, तर देशकार. मैफलीची वेळही जोडीला घ्या: देशकार सकाळचा, बाकीचे दोन रात्रीच्या पहिल्या प्रहरातले. वेळ हा पुरावा मात्र दुय्यमच, कारण ठरलेली वेळ सोडूनही राग गायले जातात.

समजा, मैफल संध्याकाळची होती, भाव गंभीर होता, आरोह सा रे ग प ध सां आणि जागा 'ग, प रे सा'. वेळेमुळे देशकार मागे पडतो. जागा गंधारावर थांबते, पण पुढे पंचमावरून थेट रिषभावर येते, म्हणून भूपापेक्षा शुद्ध कल्याण. आता त्या रागाचं एखादं विलंबित ध्वनिमुद्रण लावा आणि पहिल्या दहा मिनिटांत हीच जागा येते का ते पाहा.

चढती जागाच तेवढी आठवत असेल आणि उतरतं काहीच नसेल, तर भूप आणि शुद्ध कल्याण यांत निवाडा करता येत नाही. अशा वेळी दोन्ही नावं लिहून ठेवणंच बरं.