‘आय थिंक’ दिसलं की आधी कर्ता पाहा, मग कोंजुंतीवो

इंग्रजीतून इटालियनमध्ये मत किंवा शंका नेताना क्रियापद साधंच राहून जातं, कारण इंग्रजीत त्याचं रूप बदलत नाही. वाक्य घ्या: ‘मला वाटतं, पावसानं कापूस खराब केला.’ इंग्रजीत नुसतं ‘हॅज’ असतं, म्हणून हात सरळ ‘आ’कडे जातो. इथं हवं ‘आब्ब्या’, म्हणजे कोंजुंतीवो, मत किंवा शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप:

पेन्सो के ला प्योज्जा आब्ब्या रोविनातो इल कोतोने.

१. दोन्ही क्रियापदांचे कर्ते शोधा. इथं वाटतं मला, खराब केला पावसानं. कर्ते वेगळे, म्हणून ‘के’ आणि कोंजुंतीवो. इंग्रजीत ‘दॅट’ गाळलेलं असलं तरी इटालियनमध्ये ‘के’ ठेवायचाच.

२. कर्ता एकच असेल तर कोंजुंतीवो नको, ‘दि’ आणि मूळ रूप. ‘मला वाटतं, मी फार लवकर विकला’ याचं होतं ‘पेन्सो दि आवेर वेन्दुतो त्रोप्पो प्रेस्तो’. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ‘पेन्सो के इयो आब्ब्या’ लगेच खटकतं.

३. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की पुढचंही मागे सरकतं: पेन्सावो के ला प्योज्जा आवेस्से रोविनातो इल कोतोने.

‘दूबितो के’ म्हणजे ‘मला शंका आहे की’ आणि ‘नोन क्रेदो के’ म्हणजे ‘मला वाटत नाही की’, यांनाही हेच लागू.

मात्र ‘सेकोन्दो मे’ म्हणजे ‘माझ्या मते’ वापरलं तर मत असूनही साधंच रूप येतं: सेकोन्दो मे ला प्योज्जा आ रोविनातो इल कोतोने. तिथं ‘आब्ब्या’ घातलं तर चूक.