‘पावती केली तर वीस हजार’: माल भरलेली गाडी नाक्यावर अडवल्यावर या चुका टाळा

सोयाबीन निघालं की औसा, निलंगा, रेणापूरकडून लातूरच्या मोंढ्याकडे पिकअपची रांग लागते. याच दिवसांत नाक्यावर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “वजन जास्त दिसतंय. पावती केली तर वीस हजार. पाचशे दे आणि निघ.” वीस हजार ऐकलं की ड्रायव्हर हादरतो. शेजारी बसलेला शेतकरी खिशात हात घालतो, दोन मिनिटांत नोट जाते आणि गाडी पुढे निघते. दोघांनाही वाटतं, साडेएकोणीस हजार वाचले. बहुतेक वेळा काहीच वाचलेलं नसतं, कारण वीस हजाराचा दंड बसतच नव्हता.

पहिली चूक: आकडा ऐकून वजन विसरणं

वीस हजाराचा आकडा खोटा नाही, म्हणून तर तो चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भार वाहिल्यास 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पण भार जादा आहे हे काट्यावर ठरतं, नजरेनं नाही. कलम 114 त्यासाठीच आहे. मोटार वाहन विभागाचा अधिकारी किंवा शासनानं तसा अधिकार दिलेली व्यक्ती, वजनाचा संशय आला तर गाडी काट्यावर न्यायला सांगू शकते. तो काटा तुमच्या पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. वजन जास्त भरलं तर जादा माल उतरवायचा आदेश लेखी द्यावा लागतो. यातलं काहीच न करता कुणी नुसता “वीस हजार” म्हणत असेल, तर त्याला दंड करायचा नाही, पैसे घ्यायचे आहेत.

हिशोब घरूनच करून निघावा. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन असे दोन आकडे असतात. समजा रिकामं 1,600 किलो आणि एकूण 2,900 किलो आहे. म्हणजे 1,300 किलोपर्यंत मुभा आहे, पण त्यातच ड्रायव्हर आणि सोबतचा माणूसही धरायचा. पन्नास किलोचे 22 कट्टे म्हणजे 1,100 किलो, दोन माणसांचे 140, मिळून 1,240. अजून साठ किलो शिल्लक राहतात. तेविसावा कट्टा टाकला तरी गाडी नियमात बसते, चोविसावा टाकला की नियम मोडतो. निघताना गावाजवळच्या काट्यावर वजन करून काटा पावती खिशात ठेवली तर नाक्यावरचं निम्मं बोलणं तिथंच संपतं. आणि खरंच पंचवीस कट्टे भरले असतील, तर पुढचा सगळा सल्ला वाचूनही दंड चुकणार नाही. दोन कट्टे घरी ठेवणं हाच त्यावरचा उपाय आहे.

दुसरी चूक: “काट्यावर येत नाही” म्हणणं

माझा माल कमीच आहे म्हणून तावातावानं नकार देणारे, किंवा हात दाखवला तरी गाडी न थांबवणारे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. गाडी न थांबवणं किंवा वजन करू न देणं याला त्याच कलम 194 खाली 40,000 रुपये दंड आहे, म्हणजे जादा भारापेक्षा दुप्पट. उलट बोला: “चला साहेब, काट्यावर घेऊन चला, मी मागं येतो.” ज्याला खरंच तपासायचं आहे तो येईल. ज्याला पाचशे हवे होते तो पुढची गाडी बघेल.

गाडी डाव्या बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आवाज चढवू नका. अंगाला हात लावणं, धक्काबुक्की करणं असं काही झालं की सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागू शकतो, आणि मग वजन बाजूला पडतं.

तिसरी चूक: घासाघीस

“साहेब, जाऊ द्या की, तीनशेत बघा.” हे वाक्य आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की त्यात काही चूक आहे असं वाटतच नाही. पण जागेवर भरायच्या दंडाला कायद्यात तडजोड शुल्क म्हणतात आणि त्याची रक्कम राज्य शासन अधिसूचनेनं ठरवतं. नाक्यावरच्या कर्मचाऱ्याला त्यात कमीजास्त करता येत नाही. म्हणून रक्कम खाली यायला लागली की तो दंड उरलेला नसतो. आणि लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे. तीनशेची बोली तुमच्या तोंडून निघाली तर अडचणीत तुम्हीही येता.

त्याऐवजी एकच वाक्य पाठ ठेवा: “जे कलम लागतं त्याचं मशीनवर चलान करा, मी ऑनलाइन भरतो.” पैसे लगेच भरायलाच हवेत असं नाही. चलान बाकी राहतं आणि मान्य नसेल तर कोर्टात म्हणणं मांडता येतं. पावतीवर चलान क्रमांक, गाडीचा नंबर, कलम, ठिकाण, वेळ आणि रक्कम आहे का ते तिथंच वाचा. घरी गेल्यावर mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून तेच चलान दिसतं का बघा. दिसत नसेल तर पैसे शासनाकडे गेले नसावेत, असा संशय घ्या. “बाजूच्या टपरीवाल्याला फोनपे कर” असं सांगितलं तर त्याची पावती कधीच निघत नाही.

चौथी चूक: कागद देऊन रिकाम्या हातानं परतणं

गणवेशातल्या पोलिसाला लायसन्स आणि आरसी दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधले कागद चालतात, गॅलरीतला फोटो मात्र त्या जागी धरू नका. गडबड होते ती “लायसन्स राहू दे इथं, उद्या दोन हजार घेऊन ये” असं सांगितल्यावर. लायसन्स जप्त करायचं असेल तर कलम 206 नुसार तात्पुरती पोच द्यावी लागते आणि त्या पोचेवर तुम्हाला गाडी चालवता येते. पोच मागा. दिली नाही तर कर्मचाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी, जागा आणि वेळ फोनमध्ये लिहून ठेवा.

आणि इथंच लाच मागणाऱ्याची बाजू कच्ची होते. रस्त्यावरची पाचशेची मागणी दोन मिनिटांत संपते, तेवढ्यात कुणी येऊ शकत नाही. “उद्या ये” म्हणाला की एक दिवस हातात मिळतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन करा. लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोलीची पथकं नांदेड परिक्षेत्रात येतात, तर बीड, धाराशिव, जालना आणि छत्रपती संभाजीनगरची संभाजीनगर परिक्षेत्रात. पथक आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतं आणि मगच सापळा लावतं. म्हणून त्या माणसाशी फोनवर भांडू नका, तक्रार केल्याचं सांगूही नका.

नाइलाजानं पैसे देऊन बसला असाल तरी गप्प राहू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 नुसार, दबावाखाली लाच दिलेल्या माणसानं पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत कळवलं तर त्याच्यावर गुन्हा होत नाही. आठव्या दिवसापासून हे संरक्षण नाही, म्हणून मोंढ्यातून परतल्यावर त्याच संध्याकाळी 1064 लावा.