साहेबांचा रवा माझ्या चॅटमध्ये: उत्तर काय द्यावं

"येताना अर्धा किलो बारीक रवा आण, कोथिंबीरही." रात्री आठला साहेबांचा व्हॉट्सॲप मेसेज, आणि निळ्या टिका गेलेल्या. मागे एकदा गप्प बसलो, तर सामान घरी पोचलंच नाही. एकदा नुसता अंगठा पाठवला. त्यांना वाटलं, मुलाला निरोप मिळाला. वैताग नुसता!

या वेळी जमलं. आधी मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर जोडलं, नाहीतर वरच्या ऑफिसच्या बोलण्याशी गोंधळ होतो. मग एकच ओळ: "सर, हा मेसेज माझ्याकडे आलाय, घरी पाठवायचा असावा." स्मायली नाही. मिनिटभरात "अरे, सॉरी" आलं. पुढे मी काही लिहिलं नाही.

मजकूर खासगी असेल तर मात्र जोडू नका. त्यांनी मूळ मेसेज पुसला तरी तुमच्या उत्तरात तो दिसत राहतो.