माती-श्वसनाचा आकडा काढताना इंदूरचा हवादाब घ्या

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे. इथला हवादाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुस्तकातला १०१.३ नव्हे. मातीवर ठेवलेल्या बंद चेंबरमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या पीपीएमचं मोलमध्ये रूपांतर करताना हा फरक थेट उत्तरात उतरतो.

```
F = (dC/dt) × P × V / (R × T × A)
```

F म्हणजे मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, dC/dt चेंबरमधल्या त्याच्या वाढीचा वेग, P दाब, V चेंबरचं आकारमान, R वायू-स्थिरांक, T केल्विनमधलं तापमान आणि A झाकलेल्या मातीचं क्षेत्रफळ. समजा, कार्बन डायऑक्साइड सेकंदाला ०.२ पीपीएमने वाढतोय. V ०.००६ घनमीटर, A ०.०३ चौरस मीटर, चेंबरमधलं तापमान ३०° से., म्हणजे ३०३ केल्विन, आणि दाब ९४,५०० पास्कल. उत्तर येतं १.५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. पुस्तकी दाब आणि २५° धरले तर १.६ च्या वर जातं, म्हणजे जवळपास ९ टक्के जास्त. V मध्ये, चेंबर बसवण्यासाठी मातीत रोवलेल्या कड्याचा, म्हणजे कॉलरचा, मातीवर उरलेला भागही मोजा. तो बऱ्याचदा राहून जातो.

कॉलर आदल्या दिवशीच रोवा, कारण रोवताना हललेली माती काही काळ जास्त वायू सोडते. माळव्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात; कॉलरखालून भेग गेली असेल तर वायू निसटतो आणि आलेखाची रेघ सरळ न राहता वाकते. झाकण लावल्यानंतरची पहिली २०-३० सेकंदं सोडून सरळ भागाचाच उतार घ्या.

ग्रॅम कार्बनसाठी मोलच्या आकड्याला १२ ने गुणा, ४४ ने नाही. इथे चौरस मीटरमागे दिवसाला साधारण १.५५ ग्रॅम येतात. पण ते दुपारच्या एकाच वाचनावरून काढले असतील, तर अहवालात तसं स्पष्ट लिहा. रात्री माती थंड होते, श्वसनही मंदावतं.