भोसरीत आल्यावर ओळखी कशा जमवाव्यात: एका ब्रोचमुळे भेटलेली तीन माणसं

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याच्या दावणीला एकच बैल असतो, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका जुवाखाली, आज तुझं रान, उद्या माझं. कुणाचे किती दिवस झाले हे कुठं लिहिलेलं नसतं, पण दोघांच्या डोक्यात पक्कं असतं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी भोसरीत गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो, तेव्हा जो तो "नेटवर्किंग कर" म्हणून सांगायचा. मला त्यात लाळघोटेपणाचा वास यायचा. ही सावडच आहे, हे कळायला सहा महिने गेले.

त्या सहा महिन्यांत मी जे केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये एक प्रदर्शन होतं. तिथं फिरून मी चाळीसेक व्हिजिटिंग कार्डं गोळा केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच मेसेज पाठवला, तोही इंग्रजीत. दोघांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं, बाकी शांतता. त्यांना माझ्याशी काही काम नव्हतं आणि मलाही त्यांच्याशी नव्हतं. कार्डं अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

आधी एका पार्टचा प्रवास कागदावर काढा

तुमच्या हातातला, रोज त्रास देणारा एक पार्ट घ्या. तो कुठून येतो, कुठं कुठं जातो, ते क्रमानं लिहा. माझा पार्ट 20MnCr5 पोलादाचा गिअर होता, आतल्या भोकात स्प्लाइन म्हणजे उभ्या खाचा असलेला. फोर्जिंग, टर्निंग, ब्रोच या लांब दातेरी टूलनं आतल्या खाचा कापायचं ब्रोचिंग, बाहेरचे दात पाडायचं हॉबिंग, मग बाहेर भट्टीवर हीट ट्रीटमेंटला, परत येऊन ग्राइंडिंग, शेवटी आमच्याकडे तपासणी. सात ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढं माणसाचं नाव लिहायचं, आणि तेही मालकाचं किंवा मार्केटिंगवाल्याचं नाही. त्या ठिकाणी पार्टला खरा हात लावणाऱ्याचं लिहायचं. मला सातांपैकी दोनच नावं माहीत होती, त्यातलं एक मी स्वतः. उरलेली पाच नावं, एवढंच पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट ठेवा. पुरेसं आहे.

ही नावं साहेबाला विचारू नका, स्टोअरमध्ये विचारा. आमच्या स्टोअरचे मामा बावीस वर्षं चलनं लिहीत होते. कुठल्या भट्टीवर फोन कोण उचलतो, कोण फक्त "बघतो" म्हणतो आणि कोण खरोखर बघतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्याशी माझी ओळख कशी झाली? डबा खाताना त्यांनी माझी शेंगदाण्याची चटणी मागितली, म्हणून झाली. पुढच्या वेळी गावाहून येताना त्यांच्यासाठी वेगळी पुडी आणली.

भाषेची भीती वाटत असेल तर ती मीटिंगरूमसाठी राखून ठेवा. मशीनवर लातूरचा असतो, नांदेडचा असतो, बिहारचा असतो. तिथं "दादा, हे जरा दाखवता का?" एवढं पुरतं.

रिकाम्या हातानं जाऊ नका, अडचण घेऊन जा

त्या पावसाळ्यात आमच्या गिअरच्या स्प्लाइनमध्ये गो गेज, म्हणजे माप बरोबर असेल तर आत जायलाच हवं असं गेज, हीट ट्रीटमेंटनंतर जाईना. एका लॉटमध्ये शंभरातले तीसेक नग अडकायचे. कंपनीत निकाल आधीच लागला होता: भट्टीवाल्यानं वाकडं केलं, त्याच्या नावानं पैसे कापायची डेबिट नोट काढा. कार्ब्युरायझिंगमध्ये, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवताना, पार्ट नऊशे अंशांच्या पुढं तापतो आणि मग तेलात विझतो, त्यामुळे थोडी हालचाल होणारच. पण किती, हे आमच्याकडे कुणी मोजलेलं नव्हतं.

मी दहा नग घेतले आणि त्यांवर एक ते दहा आकडे कोरले. स्प्लाइनच्या समोरासमोरच्या खाचांत दोन पिना ठेवून त्यांमधलं माप भट्टीत जाण्याआधी घेतलं आणि वहीत उतरवलं. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, पण भट्टी सहसा थंड करत नाहीत, तिथं माणूस असतोच. गुरुवारी सकाळी नग घेऊन मी स्वतः गेलो. मामांनी सांगितलेल्या सुपरवायझर काकांना भेटलो आणि म्हणालो, "काका, भांडायला नाही आलो. हे दहा नग कसे लावता तेवढं बघायचंय."

काका आधी तुटक बोलले. कंपनीचा माणूस सुट्टीच्या दिवशी आला म्हणजे काहीतरी काढणार, हा त्यांचा अनुभव. पण मी मापांची वही पुढं केली तसं त्यांनी स्वतःच पाच नग आडवे रचले आणि पाच दांड्याला टांगले, फरक पडतो का बघू म्हणून. नग परत आले तेव्हा दहाही जवळजवळ सारखेच आकसले होते, 0.03 ते 0.04 मिलिमीटर. म्हणजे भट्टी सगळ्या नगांशी सारखीच वागत होती. गडबड आधीची होती: भट्टीत जातानाच आमची स्प्लाइन खालच्या मर्यादेला टेकलेली होती.

मग मागचे तपासणीचे कागद काढले. ब्रोचिंगनंतरचं माप आठ महिन्यांत हळूहळू उतरत आलं होतं. प्रत्येक वेळी मर्यादेत, म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. माप एकदम उडी मारतं तेव्हा सेटिंग बिघडलेलं असतं. असं हळूहळू घसरतं तेव्हा टूलकडे बघायचं.

ब्रोचला धार लावणारे भाऊ लांडेवाडीत एका गाळ्यात बसायचे. काकांनंतरचं हे दुसरं नाव. त्यांनी ब्रोच हातात घेतला, शेवटच्या दातांवरून नख फिरवलं आणि विचारलं, "हे सगळे दात दरवेळी घासून आणता का?" ब्रोचच्या शेवटाला एकाच मापाचे काही दात राखीव असतात. पुढचे बोथट झाले की तेवढ्यांनाच धार लावायची, मागचे तसेच ठेवायचे. प्रत्येक धारेला दात किंचित बारीक होतो. आम्ही स्वस्तात दुसरीकडून धार लावून घेत होतो आणि तिथं सगळेच दात सरसकट घासले जात होते. ब्रोचचं माप असं आठ महिने खाली आलं होतं.

निकाल परत नेऊन द्या

बहुतेक जण इथं चुकतात. काम झालं की माणूस विसरतात. मी त्याच संध्याकाळी काकांना मेसेज केला: "काका, दहाही नगांचं माप सोबत पाठवलंय. चूक आमच्या ब्रोचची निघाली, भट्टीची नाही. डेबिट नोट थांबवायला साहेबांना सांगितलंय. आडवे आणि टांगलेले यांत फरक दिसला नाही." मराठीत, चार ओळी, मागणं काही नाही. असा मेसेज कंपनीकडून त्यांना बहुधा पहिल्यांदाच गेला असावा, कारण त्यांनी लगेच फोन केला आणि मापांचा कागद मालकाला दाखवू का, असं विचारलं. (त्याआधी मी साहेबांना विचारून घेतलं होतं. कंपनीचा आकडा बाहेर देताना हे चुकवू नका.)

महिनाभरानं त्यांचा परत फोन. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचा असाच वाद होता आणि मापं कशी घ्यायची हे त्यांच्या पोराला शिकवायचं होतं. मी दोन तास गेलो. माझा बैल त्यांच्या रानात. त्याच पोराच्या ओळखीनं मला गेज तपासणाऱ्या लॅबमधला माणूस मिळाला. तोच तिसरा.

वही ठेवा, पण पातळ

मी शंभर पानी वहीत प्रत्येक माणसाला एक पान देतो. नाव, तो हातानं काय करतो, शेवटचं बोलणं कशावर झालं, आणि मी त्याचं काय देणं लागतो. शेवटचा रकाना महत्त्वाचा. तो रिकामा असेल तर फोन करायचं कारण शोधावं लागतं, मग आपण गुड मॉर्निंगची फुलं पाठवायला लागतो. फुलं पाठवू नका. त्यापेक्षा तीन महिने गप्प राहिलेलं परवडतं.

फोनची वेळही शिकावी लागते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणालाही नुसतं बोलायला गाठू नका, सगळीकडे डिस्पॅचची घाई असते. पाच ते दहा तारीख बरी. आणि वर्षातून एकदा खंडेनवमीला बोलावलं तर जाच. मशीन धुऊन पुसून, झेंडू लावून त्यांची पूजा होते, त्या दिवशी मालकही रिकामा असतो आणि ऑपरेटरही. कार्ड काढू नका. प्रसाद घ्या, मशीन कुठलं ते विचारा.

जिथं घसरतं

क्वालिटीच्या माणसाची ओळख आणि त्याचं गिऱ्हाईकपण एकमेकांत गुंतलेलं असतं. दिवाळीला एका पुरवठादारानं घड्याळ पाठवलं. मी मिठाईचा डबा ठेवून घेतला आणि घड्याळ साहेबांना सांगून परत केलं. तो महिनाभर बोलला नाही, मग बोलायला लागला. एकाचा रेट दुसऱ्याला सांगू नका, एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या टेबलावर उघडू नका. भोसरीत गाळे जवळजवळ आहेत, चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत बातमी पोचते.

दुसरी घसरण गावाकडून येते. तुम्ही कंपनीत लागलात की सहा महिन्यांत चुलतभाऊ, त्याचा मेव्हणा, आत्याच्या शेजारचा, सगळ्यांचे फोन सुरू होतात: "तिकडं लावून दे की." मी घाईत एकाचं नाव काकांना सांगितलं. पोरगं आठ दिवस गेलं आणि न सांगता गावाला पळालं. काका काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने माझा फोन तिसऱ्या रिंगनंतर उचलला जायचा. आता मी नियम केलाय: ज्याला मी स्वतः काम करताना पाहिलेलं नाही त्याचं नाव देत नाही, फक्त गेटवर भरती कधी असते ते सांगतो. आत्या रागावली आहे.

दीड वर्षानं वहीत अकरा पानं भरली होती. त्यातली चार जिवंत म्हणता येतील अशी. बाकीच्यांचं नि माझं काम संपलं आणि ओळखही तिथंच थांबली. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सावडही सगळ्या गावाशी होत नसते.

तिसऱ्या वर्षी मी चाकणला दुसऱ्या कंपनीत गेलो. या चौघांना बातमी बाहेरून कळण्याआधी मी स्वतः एकेक फोन केला. जुन्या कंपनीतलं एकही ड्रॉइंग सोबत नेलं नव्हतं, हेही सांगितलं. काका म्हणाले, सांभाळून राहा. लांडेवाडीच्या भाऊंनी मध्येच तोडलं आणि विचारलं, "तिकडं ब्रोच किती आहेत?"