नववी रसायनशास्त्र प्रात्यक्षिक : द्रव्य अक्षय्यतेचा नियम कसा पडताळावा

हे प्रात्यक्षिक बहुतेक शाळांत होतं आणि बहुतेक वह्यांत अभिक्रियेच्या आधीचं व नंतरचं वस्तुमान तंतोतंत सारखं लिहिलेलं असतं. तराजूवर प्रत्यक्षात तसं नेहमी येत नाही. म्हणून ही कार्यपत्रिका अशी बेतली आहे की विद्यार्थ्याला फरकाचा रकाना खरा भरावाच लागेल.

साहित्य

१०० मिलिलिटरचं शंकुपात्र, त्यात उभी मावेल अशी ज्वलन नळी, घट्ट बसणारं रबरी बूच, दोरा, मोजपात्र, ड्रॉपर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल तराजू.

द्रावणं शिक्षकांनी आधीच करून ठेवावीत. ७.२ ग्रॅम बेरिअम क्लोराइड (BaCl₂·2H₂O) पाण्यात विरघळवून १०० मिलि द्रावण करा. दुसरीकडे १६.१ ग्रॅम सोडिअम सल्फेट (Na₂SO₄·10H₂O) घेऊन तेवढंच द्रावण करा. बाटलीवर 'निर्जल' लिहिलं असेल तर सोडिअम सल्फेट फक्त ७.१ ग्रॅम घ्यायचं. लेबल न वाचता वजन केलं की इथेच चुकतं.

सुरक्षेच्या सूचना

बेरिअम क्लोराइड पोटात गेलं तर विषारी आहे. चष्मा आणि हातमोजे घाला. द्रावण तोंडाने पिपेटमध्ये ओढू नका. प्रयोगाच्या टेबलावर पाण्याची बाटली किंवा डबा नको. हातावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा. चुकून गिळलं गेलं तर रसायनाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

तयार होणारं बेरिअम सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा धोका फारच कमी. सोडिअम सल्फेट आपण मुद्दाम जास्त घेतो ते यासाठीच: सगळं विद्राव्य बेरिअम अवक्षेपात अडकतं.

कृती

१. शंकुपात्रात २० मिलि सोडिअम सल्फेटचं द्रावण घ्या.
२. ज्वलन नळीत ड्रॉपरने ५ मिलि बेरिअम क्लोराइड भरा. नळीच्या गळ्याला दोरा बांधा.
३. नळी शंकुपात्रात अलगद सोडा. दोऱ्याचं टोक बाहेर ठेवून बूच असं दाबा की दोरा बूच आणि काचेमध्ये अडकेल व नळी उभी लटकत राहील.
४. पात्र बाहेरून कोरडं पुसा. पंखा बंद करा. आकडा स्थिर झाल्यावर m₁ लिहा.
५. बूच न काढता पात्र तिरकं करून दोन्ही द्रावणं मिसळा. लगेच दुधासारखा पांढरा अवक्षेप दिसेल.
६. पात्र पुन्हा ठेवून m₂ लिहा.

BaCl₂ + Na₂SO₄ → BaSO₄↓ + 2NaCl

निरीक्षण तक्ता १ : बंद पात्र

| वाचन | m₁ (ग्रॅम) | m₂ (ग्रॅम) | फरक (ग्रॅम) | काय दिसलं |
|---|---|---|---|---|
| नमुना | ११८.४६ | ११८.४५ | ०.०१ | पांढरा अवक्षेप |
| १ | | | | |
| २ | | | | |

नमुन्यातला ०.०१ ग्रॅम म्हणजे तराजूला दाखवता येणारा सगळ्यात लहान फरक. तो नियमाविरुद्ध जात नाही, पण खोडून शून्यही करायचा नाही. फरक ०.०५ किंवा त्याहून मोठा आला तर कारण शोधा. तराजूवरचा आकडा हळूहळू उतरत राहिला तर पात्राच्या बाहेरचं पाणी उडतंय किंवा बूच सैल आहे. एकदम वाढला असेल तर ओल्या हाताचा थेंब लागला असणार. मिसळताना बूच काढून परत लावणारेही भेटतात. त्यांचं वाचन बादच.

उघड्या पात्राची जोड

बूच लावायचं कशाला, हे समजायला दुसरा छोटा प्रयोग करा. दुसऱ्या शंकुपात्रात २० मिलि व्हिनेगर घ्या. कागदावर १ ग्रॅम खाण्याचा सोडा मोजा. दोन्ही एकत्र तराजूवर ठेवून वाचन घ्या. मग सोडा थोडा थोडा व्हिनेगरमध्ये टाका, रिकामा कागद परत तराजूवर ठेवा आणि बुडबुडे थांबल्यावर वाचन घ्या. या पात्राला बूच लावू नका. वायूच्या दाबाने ते उडेल.

निरीक्षण तक्ता २ : उघडं पात्र

| आधीचं वस्तुमान (ग्रॅम) | नंतरचं वस्तुमान (ग्रॅम) | घट (ग्रॅम) |
|---|---|---|
| | | |

१ ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त ०.५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. घट बहुधा त्याहून कमी दिसेल, कारण थोडा वायू द्रावणात विरघळतो आणि हवेपेक्षा जड असल्याने थोडा पात्रातच साचून राहतो. घट ०.५२ पेक्षा बरीच जास्त आली तर फेसाबरोबर थेंब बाहेर उडाले आहेत. सोडा अजून सावकाश टाका.

आवराआवर

पहिल्या पात्रातलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका. गाळून अवक्षेपासह गाळणकागद शिक्षकांच्या ताब्यात द्या. नळीत उरलेले बेरिअम क्लोराइडचे थेंब सोडिअम सल्फेटने विसळा आणि ते पाणी शिक्षकांनी ठेवलेल्या टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत टाका. शेवटी हात साबणाने धुवा.