फायबरच्या डब्यावर LOS चा लाल दिवा: तक्रारीआधी हे बघा

नागपुरात मे महिन्यात खिडकीला कूलर बसवला आणि मालिका अडकत-अडकत चालू लागली. संध्याकाळपर्यंत इंटरनेटच्या डब्यावर LOS चा दिवा लाल लुकलुकायला लागला. डबा बंद-चालू केला, वायफायचा पासवर्ड बदलला, काही फरक नाही. फार वैताग आला.

LOS लाल म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. अशा वेळी वायफायच्या सेटिंगला हात लावून उपयोग नसतो.

आधी डब्याची वीज बंद केली. मग पिवळी बारीक वायर भिंतीपासून डब्यापर्यंत हाताने तपासली. कूलरच्या स्टँडमागे ती काटकोनात दबली होती. वायरच्या आतली काचेची तार तुटली नसली, तरी अशा वाकण्यातून प्रकाश बाहेर निसटतो. ती सोडवून पेल्याच्या तोंडाएवढं सैल वळण दिलं. हिरवं टोक काढून खाच जुळवत 'टक्' वाजेपर्यंत परत बसवलं. टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावू नका. लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो. वीज सुरू केल्यावर LOS विझला, लाइन जुळल्याचं सांगणारा PON चा दिवा हिरवा स्थिर झाला.

एवढं करूनही लाल राहिला, तर वायर तुटलेली असू शकते किंवा दोष बाहेरच्या लाइनमध्ये असतो. फोनवर 'नेट स्लो आहे' म्हणू नका, 'LOS लाल आहे' असंच सांगा. LOS विझलेला, PON स्थिर आणि तरी व्हिडिओ अडकतोय, तर दोष वायफायचा आहे का हे कळायला आधी लॅनची वायर लावून बघा.